व्यास अचूक, लांबी अचूक, तरी बेअरिंग शोल्डरला टेकत नाही: प्रोफाइलवरून टर्निंगचा जी-कोड काढताना सुटणारा नोज रेडियस

पायऱ्यांचा शाफ्ट छोट्या सीएनसी लेथवर काढला, मायक्रोमीटरने व्यास तपासले, डेप्थ गेजने स्टेपची लांबी तपासली आणि सगळे ड्रॉइंगप्रमाणे आढळले. तरीही बेअरिंग दाबून बसवल्यावर त्याची आतली रिंग शोल्डरला पूर्ण टेकत नाही आणि फटीत फीलर गेजची पातळ पाती शिरते. त्याच शाफ्टवरचे चॅम्फर नीट पाहिले, तर १ मिमीचा चॅम्फर पाऊण मिमीच्या आसपास भरतो. ऑपरेटर ऑफसेट हलवून पाहतो, चॅम्फर सुधारतो पण व्यास बिघडतो, म्हणून ऑफसेट पुन्हा जागेवर आणला जातो. पुढच्या लॉटला दुसऱ्या रेडियसचा इन्सर्ट लागतो आणि चॅम्फरची चूक वेगळ्या मापाने परत येते. ही अडचण मुख्यतः तिथे दिसते, जिथे जी-कोड विकत घेतलेल्या कॅम सॉफ्टवेअरमधून न काढता ड्रॉइंगच्या प्रोफाइलचे बिंदू पायथनच्या छोट्या स्क्रिप्टला किंवा एक्सेलच्या शीटला देऊन तयार केलेला असतो.

या सर्व लक्षणांमागे बहुतेक वेळा एकच कारण असते. स्क्रिप्टने प्रोफाइलचे बिंदू जसेच्या तसे G01 आणि G02 च्या ओळींत उतरवलेले असतात आणि टूलचे टोक म्हणजे एक बिंदू आहे असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात इन्सर्टच्या टोकाला ०.४ किंवा ०.८ मिमीची गोलाई असते. यंत्र, बॉल स्क्रू, बॅकलॅश यांच्यामागे लागण्यापूर्वी ही गोष्ट तपासावी.

चूक फक्त तिरक्या आणि गोल भागांवरच का दिसते

टूल सेट करताना आपण एकदा व्यासाला स्पर्श करून X घेतो आणि एकदा फेसला स्पर्श करून Z घेतो. व्यासाला स्पर्श करतो तो नोजचा सर्वांत खालचा बिंदू असतो आणि फेसला स्पर्श करतो तो नोजचा चककडचा, म्हणजे डावीकडचा बिंदू असतो. हे दोन वेगवेगळे बिंदू आहेत. कंट्रोलरला मात्र एकच टोक कळते, आणि ते टोक म्हणजे या दोन स्पर्शरेषा जिथे मिळतात तो हवेतला कोपरा. तिथे कार्बाइड नसतेच. त्याला काल्पनिक टोक म्हणूया. नोजच्या गोलाईचे केंद्र या काल्पनिक टोकापासून X मध्ये (त्रिज्येच्या मापाने) r इतके वर आणि Z मध्ये r इतके उजवीकडे असते.

सरळ व्यास कापताना नोजचा खालचा बिंदू काम करतो आणि त्याची X काल्पनिक टोकाइतकीच असते, म्हणून व्यास बरोबर येतो. शोल्डरचा फेस कापताना डावीकडचा बिंदू काम करतो आणि त्याची Z काल्पनिक टोकाइतकीच असते, म्हणून लांबीही बरोबर येते. ४५ अंशांच्या चॅम्फरवर मात्र या दोघांच्या मधला बिंदू काम करतो आणि तो काल्पनिक टोकापासून ०.४१४ × r इतका मागे राहतो. तेवढे धातू चॅम्फरवर शिल्लक राहते. चॅम्फरच्या बाजूच्या मापात हीच चूक ०.५८६ × r इतकी दिसते. नोज ०.४ असेल तर प्रत्येक बाजू ०.२३४ मिमीने कमी भरते आणि १ मिमीचा चॅम्फर ०.७७ चा येतो, नोज ०.८ असेल तर तोच चॅम्फर ०.५३ चा येतो. चॅम्फर मोठा असो वा लहान, घट तेवढीच राहते, त्यामुळे ५ मिमीच्या चॅम्फरवर ती कोणाच्या लक्षात येत नाही आणि अर्ध्या मिमीच्या चॅम्फरचा मात्र जवळजवळ अर्धा भाग ती खाऊन टाकते.

शोल्डरच्या मुळाशी असलेल्या फिलेटचा हिशेब आणखी सोपा आहे. काल्पनिक टोक R त्रिज्येच्या आतल्या कोपऱ्यातून फिरवले, तर शाफ्टवर प्रत्यक्षात R + r त्रिज्येचा फिलेट उमटतो. बाहेरच्या, फुगीर गोलाईवर उलटे घडते आणि तिथे R − r मिळतो. बेअरिंगची तक्रार आतल्या कोपऱ्यातल्या या वाढलेल्या फिलेटमधूनच निघते.

एक शाफ्ट धरून हिशेब

भोसरी किंवा शिरोलीच्या कोणत्याही छोट्या वर्कशॉपमध्ये ६२०४ बेअरिंगची सीट हे रोजचे काम आहे, म्हणून तेच उदाहरण घेऊ. बेअरिंगचा बोअर २० मिमी, रुंदी १४ मिमी, आणि आतल्या रिंगच्या कोपऱ्याच्या चॅम्फरचे किमान माप १ मिमी असते. शाफ्टवरचा फिलेट त्यामुळे १ मिमीपेक्षा मोठा असून चालत नाही. ड्रॉइंग काढणाऱ्याने थोडी जागा राखून R०.८ लिहिला आहे. शाफ्टचे पुढचे टोक Z० वर, तिथे १ × ४५ अंशांचा चॅम्फर, मग २० मिमी व्यासाची सीट १६ मिमी लांब, मुळाशी R०.८, शोल्डर २८ मिमी व्यासाचा, त्याच्या कडेला ०.५ × ४५ अंश, आणि २८ व्यास Z−४० पर्यंत. कच्चा माल ३० मिमीचा ईएन-८ बार, फिनिश टूलवर ०.४ नोजचा डीसीएमटी इन्सर्ट.

प्रोफाइलवरून थेट काढलेला फिनिश कट असा दिसतो. X व्यासात आहे.

```
G00 X16.0 Z1.0
G01 X20.0 Z-1.0 F0.1
Z-15.2
G02 X21.6 Z-16.0 R0.8
G01 X27.0
X28.0 Z-16.5
Z-40.0
```

ड्रॉइंगशी ताडून पाहिले तर यातला एकही आकडा चुकीचा वाटत नाही, आणि म्हणूनच ही चूक प्रोग्राम वाचून सापडत नाही. हा कोड चालवल्यावर फिलेट ०.८ + ०.४ = १.२ मिमीचा होतो. बेअरिंगचा कोपरा किमान मापाचा, म्हणजे १ मिमीचा निघाला, तर रिंग शोल्डरपासून सुमारे ०.२ मिमी अलीकडेच फिलेटवर चढून थांबते. बऱ्याच बेअरिंगांचा कोपरा किमान मापापेक्षा थोडा मोठा असतो, म्हणून काही नग बसतात आणि काही बसत नाहीत. या अनियमितपणामुळे संशय उगाच बेअरिंगच्या दर्जावर किंवा प्रेसवर जातो.

दुसऱ्या कारणांपासून ही चूक वेगळी कशी ओळखावी

सर्वांत सोपी तपासणी चॅम्फरच्या लहान टोकाशी, म्हणजे पुढच्या फेसवर करावी. वरच्या शाफ्टवर फेसच्या कडेचा व्यास १८.०० असायला हवा. नोजचा हिशेब सुटला असेल तर तो १८.४७ च्या आसपास येतो. धारेवर व्हर्नियर नीट बसत नाही हे खरे, पण अर्ध्या मिमीचा फरक ओळखण्यासाठी तेवढे माप पुरते. प्रोफाइल प्रोजेक्टर उपलब्ध असेल तर कोनही पाहावा, कारण खरा निवाडा कोन करतो. नोजच्या चुकीत चॅम्फर लहान येतो पण कोन ४५ अंशच राहतो आणि दोन्ही बाजू सारख्याच घटतात. कोन बदललेला असेल, एक बाजू दुसरीच्या दुप्पट असेल, तर दोष नोजचा नाही. तिथे स्क्रिप्टने X ची वाढ कुठेतरी त्रिज्येत आणि कुठेतरी व्यासात लिहिलेली आहे.

खात्री करायची असेल तर त्याच होल्डरमध्ये ०.८ नोजचा इन्सर्ट लावावा, X आणि Z पुन्हा स्पर्श करून घ्यावेत आणि प्रोग्राम अजिबात न बदलता दुसरा नग काढावा. व्यास आणि लांबी तशीच राहून फेसच्या कडेचा व्यास १८.४७ वरून १८.९४ च्या जवळ गेला, तर शंका उरत नाही. बॅकलॅशची चूक इन्सर्टच्या रेडियसप्रमाणे दुप्पट होत नसते.

व्यासच चुकत असतील तर मात्र प्रकरण वेगळे आहे. सगळे व्यास सारख्याच फरकाने, नेमके २r ने मोठे येत असतील आणि सगळे फेस r ने पुढे असतील, तर स्क्रिप्टने नोजचा मार्ग काढला आहे पण केंद्राचे निर्देशांक तसेच छापले आहेत. काल्पनिक टोकाकडे परत येण्यासाठी r वजा करण्याची पायरी राहिली आहे. व्यास फक्त r ने मोठे असतील, तर वजाबाकी केली आहे पण ती व्यासाच्या आकड्यातून केली आहे. व्यासाच्या आकड्यातून २r जायला हवे.

ऑफसेट हलवून चॅम्फर सुधारण्याचा प्रयत्न मात्र करू नये. फेसवर १८.०० आणण्यासाठी X चा वेअर ०.४७ ने कमी केला, तर सीटचा व्यास १९.५३ होतो; २० k६ सीटची सगळी पट्टी तर +०.००२ ते +०.०१५ एवढीच आहे. वेअर ऑफसेट त्या तेरा मायक्रॉनांसाठी आहे, आकाराची चूक झाकण्यासाठी नाही.

उपाय कंट्रोलरकडे सोपवायचा की स्क्रिप्टमध्ये करायचा

कंट्रोलरला नोज रेडियस कॉम्पेन्सेशन येत असेल, तर माझ्या मते ते काम त्याच्याकडेच द्यावे. प्रोफाइल ड्रॉइंगप्रमाणेच राहते, इन्सर्ट बदलला तरी प्रोग्राम बदलावा लागत नाही आणि पुढच्या माणसाला आकडे ओळखू येतात. बाहेरच्या व्यासावर चककडे कापत जाताना G42 लागतो. फानुकच्या ऑफसेट पानावर त्या टूलसमोर R मध्ये ०.४ आणि T मध्ये ३ भरावे. T म्हणजे काल्पनिक टोक नोजच्या कोणत्या बाजूला आहे त्याचा क्रमांक, आणि तो शून्य राहिला तर कंट्रोलर नोजच्या केंद्रालाच टोक समजतो. लिनक्स सीएनसीच्या टूल टेबलमध्ये D हा रकाना त्रिज्येचा नसून व्यासाचा आहे, म्हणून ०.४ नोजसाठी तिथे ०.८ भरावे लागते. टोकाच्या दिशेचा क्रमांकही तिथे फानुकच्या सवयीने न भरता त्या कंट्रोलरच्या आकृतीवरून ठरवावा. G42 सुरू करणारी चाल कामापासून दूर, हवेत असावी आणि नोज रेडियसपेक्षा मोठी असावी, नाहीतर पहिल्याच चॅम्फरवर कंट्रोलर अडखळतो. अनेक फानुक नियंत्रकांवर G71 च्या रफिंग पासमध्ये हे कॉम्पेन्सेशन लागू होत नाही आणि G70 च्या फिनिश कटमध्येच लागू होते. पुढे दाखवल्याप्रमाणे पायऱ्यांच्या शाफ्टवर त्याने काही बिघडत नाही.

छोट्या, घरी जोडलेल्या लेथवर पुष्कळदा ग्रबल असते आणि त्यात G41, G42 नाहीतच. ओळ पाठवली की `error:20` येतो. अशा यंत्रासाठी मार्ग स्क्रिप्टनेच दुरुस्त करावा लागतो आणि त्यासाठी एकच सूत्र पुरते. प्रोफाइलच्या प्रत्येक सरळ तुकड्याला धातूपासून बाहेर जाणारी लंबदिशा असते. तिचे Z आणि X घटक nz आणि nx मानले, तर काल्पनिक टोकाची रेषा त्या लंबदिशेने `r*(1 - nz - nx)` इतकी सरकवावी. व्यासावर nz शून्य आणि nx एक असतो, म्हणून सरकणे शून्य. फेसवर उलटे, म्हणून तिथेही शून्य. ४५ अंशांवर उत्तर −०.४१४r येते, म्हणजे रेषा तेवढी आत, धातूकडे सरकते.

```python
import math

def shift(z1, d1, z2, d2, r):
    x1, x2 = d1/2, d2/2
    dz, dx = z2 - z1, x2 - x1
    L = math.hypot(dz, dx)
    nz, nx = dx/L, -dz/L
    s = r*(1 - nz - nx)
    return (z1 + s*nz, x1 + s*nx,
            z2 + s*nz, x2 + s*nx)
```

या फंक्शनला बिंदू चककडे जाण्याच्या क्रमाने द्यावे लागतात. क्रम उलटला तर लंबदिशा धातूच्या आत जाते. परत येणारी X त्रिज्येत आहे हेही ध्यानात ठेवावे. शेजारच्या दोन सरकवलेल्या रेषा जिथे छेदतात तो नवा बिंदू. जुने बिंदू नुसते सरकवून जोडले तर कोपऱ्यात बारीक पायरी पडते, म्हणून छेदनबिंदू काढणे टाळू नये. फिलेटसाठी वेगळा नियम आहे: आतल्या फिलेटची त्रिज्या R − r लिहावी, फुगीर गोलाईची R + r लिहावी, आणि गोलाईची टोके नव्या त्रिज्येने शेजारच्या रेषांना स्पर्श करतील अशी घ्यावीत.

आपल्या शाफ्टवर पहिल्या चॅम्फरची रेषा मूळची X + Z = ९ (X त्रिज्येत) आहे. सरकवल्यावर ती X + Z = ८.७६६ होते. २० व्यासाची रेषा, म्हणजे X = १०, तिला Z−१.२३४ वर छेदते. हीच रेषा पुढे हवेत Z+१ पर्यंत वाढवली तर X त्रिज्येत ७.७६६ येतो, व्यासात १५.५३१, टूल तिथून आत येते. फिलेटची त्रिज्या ०.८ − ०.४ = ०.४ होते, ती Z−१५.६ वर सुरू होते आणि X२०.८, Z−१६ वर संपते. शोल्डरच्या चॅम्फरची रेषा फेसला X२६.५३१ वर आणि २८ व्यासाला Z−१६.७३४ वर मिळते.

```
(NOSE R0.4 IN PATH - KEEP G40)
G40
G00 X15.531 Z1.0
G01 X20.0 Z-1.234 F0.1
Z-15.6
G02 X20.8 Z-16.0 R0.4
G01 X26.531
X28.0 Z-16.734
Z-40.0
```

दोन्ही कोड शेजारी ठेवले तर Z−१६.० आणि Z−४०.० हे फेस आणि लांबीचे आकडे, तसेच २०.० आणि २८.० हे व्यास मुळीच बदललेले नाहीत. बदलले आहेत ते फक्त चॅम्फर आणि फिलेटचे बिंदू. आपल्या स्क्रिप्टचे उत्तर तपासण्याची हीच पहिली कसोटी आहे: दुरुस्तीनंतर व्यास किंवा शोल्डरची Z हलली असेल, तर स्क्रिप्टमध्ये काहीतरी उलटे झाले आहे.

पहिली कंसातली ओळ शोभेची नाही. या समस्येचे दुसरे रूप असे असते की स्क्रिप्टने मार्ग दुरुस्त केलेला असतो आणि कोणीतरी सवयीने वर G42 ही टाकतो, टूल टेबलमध्ये R ०.४ भरलेला असतोच. दुरुस्ती दोनदा होते, १ मिमीचा चॅम्फर १.२३ चा होतो आणि कोपऱ्यात फिलेट ०.४ चाच उरतो, म्हणजे नुसता नोजचा ठसा. टेबलमध्ये ०.८ असेल तर फानुक ०४१ क्रमांकाचा इंटरफिअरन्स अलार्म देऊन थांबतो, कारण ०.४ च्या कोपऱ्यात ०.८ चे नोज मावत नाही. चॅम्फर मोठा येऊ लागला की पहिल्यांदा हेच पाहावे. दुरुस्ती कंट्रोलरने करावी किंवा स्क्रिप्टने, दोघांनी नाही.

ग्रबलवर X व्यासात लिहिण्याची युक्ती

ग्रबलला व्यासाची पद्धत कळत नाही, ते X त्रिज्येतच मानते. लिनक्स सीएनसीत G7 आणि G8 ने पद्धत बदलता येते, ग्रबलमध्ये तशी सोय नाही. म्हणून काही जण `$100` मधली X ची स्टेप संख्या निम्मी करतात, म्हणजे X२० लिहिल्यावर टूल १० मिमीच सरकते आणि ड्रॉइंगचे व्यास थेट लिहिता येतात. सरळ कटांवर ही युक्ती उत्तम चालते, आणि त्यामुळेच ती टिकून राहते. गोलाई आली की ती फसते. वरच्या कोडमधल्या फिलेटची चाल X मध्ये ०.८ आणि Z मध्ये ०.४ अशी दिसते. दोन टोकांतले अंतर ०.८९ होते आणि ०.४ त्रिज्येच्या वर्तुळात सर्वांत लांब अंतर ०.८ च असू शकते. ग्रबल `error:34` देऊन ओळ नाकारते. R ऐवजी I, K देऊन आणि आकडे जुळवून ओळ चालवून घेतली, तरी कापला जाणारा आकार वर्तुळ नसून चपटा लंबगोल असतो.

इथे स्क्रिप्टमध्ये सर्व हिशेब त्रिज्येत ठेवावा आणि `$100` मूळ मापाला आणून छापतानाही त्रिज्याच छापावी. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी व्यास कंसातल्या टिप्पणीत देता येतो. G18 प्रोग्रामच्या सुरुवातीला हवाच, नाहीतर ग्रबल गोलाई X-Y प्रतलात शोधते. G95 ही तिथे नसल्याने प्रति फेरी ०.१ मिमी फीड हवा असेल, तर १००० आरपीएमला F100 असे मिनिटाच्या मापात लिहावे लागते.

कुठपर्यंत हे चालते

R आणि r समान असतील तर R − r शून्य होतो. स्क्रिप्टने तेव्हा G02 ची ओळ छापूच नये, टूल Z−१६.० पर्यंत सरळ जाऊन वर वळावे, कोपरा नोजच बनवते. ड्रॉइंगवर R०.८ आणि हातात ०.८ चा इन्सर्ट असेल तर असे करणे गैर नाही, पण कोपऱ्यात नोजचा मोठा भाग एकदम धातूला लागतो आणि हलक्या लेथवर तिथे चॅटरच्या खुणा उमटतात. मी ०.४ चाच इन्सर्ट पसंत करेन. R पेक्षा r मोठा असेल तर तो फिलेट त्या इन्सर्टने निघणारच नाही, आणि स्क्रिप्टने ऋण त्रिज्या छापण्याऐवजी तिथेच थांबून सांगावे. ही एक अट घातली नसेल तर उणे चिन्हाचा R कंट्रोलरपर्यंत पोहोचतो, आणि पुष्कळ कंट्रोलर त्याचा अर्थ १८० अंशांहून मोठी गोलाई असा घेतात.

रफिंग पासना दुरुस्ती न करता सोडले तरी चालते, पण त्याला एक अट आहे: चककडे जाताना प्रोफाइलचा व्यास कुठेही कमी होता कामा नये. अशा चढत्या प्रोफाइलवर नोज काल्पनिक टोकाच्या नेहमी वर आणि उजवीकडे, म्हणजे मोकळ्या बाजूला असते, त्यामुळे चूक झाली तरी धातू शिल्लक राहतो, जास्त कापला जात नाही. शिल्लक किती, तर ०.८ च्या रफिंग इन्सर्टने चॅम्फर आणि फिलेटवर ०.३३ मिमीपर्यंत अधिक. फिनिश कट तिथे थोडा जड जाईल हे धरून फीड ठरवावा.

शोल्डरच्या मुळाशी फिलेटऐवजी अंडरकट दिला असेल तर ही सूट संपते. उतरत्या भागावर लंबदिशेचा Z घटक उणे होतो, सूत्राचे उत्तर अधिक चिन्हाने येते आणि ४५ अंशांच्या उतारावर ते पूर्ण r इतके असते. म्हणजे दुरुस्ती न केलेला ०.८ चा रफिंग इन्सर्ट तिथे ०.८ मिमी खोल जास्त कापेल. फिनिशसाठी राखलेले बाजूचे ०.१५ मिमी ही खोली झाकू शकत नाहीत, तेव्हा नग रफिंगमध्येच वाया जातो. म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रोफाइल वाचताच प्रत्येक पुढच्या बिंदूचा व्यास मागच्यापेक्षा कमी नाही ना हे पाहावे. कमी आढळला तर तो भाग रफिंगमधून वगळून दुरुस्त केलेल्या फिनिश मार्गातच ठेवावा, किंवा ग्रूव्हिंग टूलला द्यावा. इन्सर्टची मागची धार उताराला घासत नाही ना हे सूत्र सांगत नाही. ते होल्डरच्या आणि इन्सर्टच्या कोनावरून वेगळे पाहावे लागते.

दिशेबद्दल थोडे. वरच्या कोडमध्ये आतला फिलेट G02 आहे, कारण X+ टूलच्या बाजूला आणि Z+ चकपासून दूर धरला आहे. पुढच्या टूलपोस्टच्या लेथवर समोरून पाहताना हीच चाल डोळ्यांना उलट्या दिशेची भासते आणि कोणीतरी G03 करून ठेवतो. तसे केले की टूल फिलेटच्या जागी फुगीर वाटेने जाते आणि शोल्डरच्या मुळाशी धातूचा फुगवटा शिल्लक राहतो. शंका असेल तेव्हा स्पिंडल बंद ठेवून, X मध्ये मोठा ऑफसेट देऊन त्या एका ओळीची चाल हवेत पाहावी.

आणखी एक गृहीतक या सगळ्या हिशेबाखाली आहे, ते म्हणजे टूल स्पर्श करून सेट केले आहे. ऑप्टिकल प्रीसेटरवर नोजचे केंद्र धरून लांबी घेतली असेल तर काल्पनिक टोक हा प्रकारच राहत नाही. तिथे सूत्रातून nz आणि nx गळतात, प्रत्येक रेषा सरळ r ने बाहेर सरकते आणि फानुकच्या टेबलमध्ये T ० किंवा ९ लागतो. एकाच टरेटमधली काही टूल एका पद्धतीने आणि काही दुसऱ्या पद्धतीने सेट केली असतील, तर स्क्रिप्टला प्रत्येक टूलमागे r सोबत ही पद्धतही सांगावी लागेल. इन्सर्टच्या डब्यावरचा रेडियस एकटा पुरणार नाही.